लाडवाचा हिशेब

मागच्या वर्षी लेक बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा मी चौदा महिन्यांत काय काय शिकणार आहे, याची मला कल्पना नव्हती. छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, दोन बाळंतपणं स्वतःची झाली, थोरल्या सुनेचं एक केलं. तेव्हा या विषयात मला कोणी काही शिकवावं असं वाटतच नव्हतं. पण शिकावं लागलं. आणि जे शिकले ते लिहून ठेवावं, कारण आमच्या घरात अजून दोन पुतण्या लग्नाच्या आहेत आणि त्यांच्या आया माझ्यासारख्याच आहेत.

लेकीचं वजन दिवस राहण्याआधी ५८ किलो होतं. नववा महिना भरला तेव्हा ७१ च्या पुढे गेलं होतं. बाळंतपण सरळ झालं, चार टाके पडले. दहाव्या दिवशी काटा ६५ दाखवत होता. म्हणजे बाळ, वार, पाणी आणि अंगावरची सूज मिळून सहा किलो आपोआप उतरले. मी खूश. म्हटलं, "बघ, महिन्याभरात होशील पहिल्यासारखी." हे माझं पहिलं चुकीचं वाक्य.

मग आमचा नेहमीचा कारखाना सुरू झाला. डिंकाचे लाडू आधीच करून ठेवले होते. सकाळी दोन, संध्याकाळी एक. दुपारी चारला वाटीभर अळिवाची खीर. नाश्त्याला साजूक तुपातला शिरा. जेवताना वरणभातावर आणि भाकरीवर मी हाताने तूप वाढायची, तेही मोठ्या चमच्याने. रात्री पुन्हा पेलाभर दूध. "तूप खाल्लं नाहीस तर दूध कसं येणार?" हे वाक्य माझ्या आईने मला ऐकवलं होतं, ते मी तसंच तिला ऐकवलं.

दीड महिन्याने दवाखान्यात तपासणीला गेलो. काटा म्हणाला, साडेसहासष्ट. लेक काही बोलली नाही. घरी आल्यावर आरशासमोर उभी राहून तिने कुर्ता मागून ओढून बघितला. मी ते पाहिलं आणि पाहिलं नाहीसं केलं.

त्यानंतरचे दोन आठवडे माझ्या अजून मनाला लागतात. ती म्हणायची, भूक नाही. ताटात अर्धी पोळी आणि काकडी. लाडू तशीच परत ठेवायची. सकाळ-संध्याकाळ तास-सव्वा तास चालायला जायची. बाळ रडलं की मी त्याला पाळण्यात घालून झोका द्यायची, थोपटायची, आई येईपर्यंत दम काढायची. मला वाटे, मी तिला मदत करतेय. दोन आठवड्यांत तिचे दोन किलो उतरले. पण ती भिंतीला धरून उठायला लागली, डोळ्यांसमोर अंधारी यायला लागली, आणि लसीकरणाच्या वेळी बाळ काट्यावर ठेवलं तर वाढ कमी. तोवर आठवड्याला दीडशे-दोनशे ग्रॅम भरणारा आमचा बाळ्या त्या आठवड्यात जेमतेम नव्वद ग्रॅमनं वाढला होता.

बालरोगतज्ज्ञ बाईंनी रागावल्याशिवाय एकच प्रश्न विचारला, "दिवसातून किती वेळा अंगावर पिते बाळ?" लेकीने बोटांवर मोजलं. आधी नऊ-दहा वेळा पिणारं बाळ सहा वेळांवर आलं होतं. कारण ते मागायचं तेव्हा आई बाहेर असायची आणि मी झोका देत असायची. रात्री ती इतकी थकलेली असायची की बाळ थोडं कुरकुरून पुन्हा झोपलं तर तिला जाग येत नसे.

बाई म्हणाल्या, "आजी, दूध लाडवाने येत नाही. बाळ जितकं ओढेल तितकं येतं. छाती रिकामी झाली की शरीराला निरोप जातो, अजून कर म्हणून. आणि हिने थोडं कमी खाल्लं म्हणून दूध लगेच आटत नाही. पण ही थोडं कमी नाही, निम्मं खातेय. तेवढ्यावर आधी आई कोलमडते."

म्हणजे मी केलेला लाडू आणि तिने सोडलेली पोळी, दोन्ही चूक. हे गणित मला घरी आल्यावर सुचेना, म्हणून जुन्या सवयीने वही घेतली.

आधी गरज किती ते मांडलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली जे आकडे दिले आहेत, त्यांत अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज ६०० कॅलरी जास्त आणि पुढचे सहा महिने ५२० जास्त सांगितल्या आहेत. कशावर जास्त? तिच्या नेहमीच्या गरजेवर. माझ्या लेकीचं वय, उंची, वजन आणि घरातल्या घरात वावर धरून आहारतज्ज्ञ बाईंनी ती गरज साधारण १८०० काढली. त्यात ६०० मिळवले की २४००. एवढं खाल्लं तर वजन आहे तिथे राहील आणि दूधही होईल.

हे ६०० कुठून आले तेही मी विचारलं, कारण मुलांना सांगताना उत्तराबरोबर रीत सांगावी लागते. केवळ अंगावर पिणारं बाळ दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास दूध पितं. शंभर मिलिलिटर दुधात ६५ ते ७० कॅलरी असतात, म्हणजे दुधातच पाचशे गेल्या. शिवाय ते दूध तयार करायला शरीराला इंधन लागतं ते वेगळं. बाळाला वरचं दूध सुरू असेल तर हा आकडा त्या प्रमाणात कमी धरायचा. हे पुष्कळ जणी विसरतात, खाणं मात्र पूर्ण पाजणारीचं ठेवतात.

आता माझा लाडू. कधी नव्हे ते त्याचं वजन केलं. माझं प्रमाण असं: पाव किलो डिंक, पाव किलो तूप, पाव किलो सुकं खोबरं, पाव किलो खारीक पूड, अर्धा किलो गूळ, शंभर ग्रॅम बदाम, पन्नास ग्रॅम खसखस. सगळं मिळून १६५० ग्रॅम, त्याचे ४१ लाडू होतात. तुपाच्या २२५०, गुळाच्या १९००, खोबऱ्याच्या १६५०, खारकेच्या ७५०, बदामाच्या ६००, खसखशीच्या २६०. डिंक बहुतेक पचतच नाही, म्हणून तो सोडून दिला. बेरीज ७४१० झाली. भागिले ४१. एका लाडवाला १८० कॅलरी!

लिंबाएवढा तो लाडू. तीन लाडू म्हणजे ५४०. म्हणजे दूध तयार करायला जे जास्तीचं हवं होतं ते जवळजवळ सगळं लाडवांनीच भरून निघत होतं आणि खीर, शिरा, तूप हे त्याच्या वर. खिरीच्या वाटीत ३२० निघाल्या. शिऱ्याच्या ३५०. दोन जेवणांच्या मिळून १४००, त्यात चार मोठे चमचे तूपच ५४० कॅलरींचं. दूध वगैरे ३००. सगळं मिळून २९०० च्या थोडं वर. रोज पाचशे जादा. साधारण ७७०० कॅलरी उरल्या की एक किलो चरबी साठते, असं ढोबळ त्रैराशिक मांडतात. चार आठवड्यांत पावणेदोन किलो. काटा दीड वाढला होता. हिशेब जुळला तेव्हा मला शाळेत ताळा जुळल्यावर होई तसा आनंद झाला आणि लगेच लाजही वाटली. पोरीला आळशी म्हणून मनातल्या मनात मीच हिणवलं होतं.

इथे एक सांगायला हवं. आमच्या आज्या-पणज्या हेच लाडू खात आणि कोणी जाड होत नसे, असं आपण म्हणतो. सव्वा महिन्यानंतर त्या विहिरीवरून पाणी आणत, जात्यावर बसत, शेतावर जात. शिवाय दिवसांत पोटभर मिळालेलं नसे, ते बाळंतपणात मिळे. लाडू त्यांच्यासाठी होता. लिफ्टने उतरून संगणकासमोर बसणाऱ्या माझ्या लेकीसाठी तो एक पुरे.

मग नवं ताट ठरलं. लाडू एक, सकाळी, मोजून. खिरीऐवजी दुधात भिजवलेलं अळीव, गूळ नावापुरता. तूप जेवणाला दोन छोटे चमचे. शिऱ्याऐवजी एक दिवस अंड्याची पोळी, एक दिवस मुगाचं धिरडं, आणि दोन्ही जेवणांत वाटीभर उसळ किंवा घट्ट वरण, कारण पाजणाऱ्या आईला प्रथिनं नेहमीपेक्षा जास्त लागतात आणि माझ्या जुन्या ताटात तूप-गूळ होतं, प्रथिनं नव्हती. पोळी, भात, भाकरी काही बंद केलं नाही. पाणी तहान लागेल तसं. पाजायला बसली की शेजारी तांब्या ठेवायची. हे सगळं मिळून २१५० च्या आसपास आलं. म्हणजे रोज अडीचशेची तूट. १८०० च्या खाली जायचं नाही, असं बाईंनी बजावलं होतं. अडीचशे गुणिले तीस भागिले ७७००, म्हणजे महिन्याला एक किलो.

"फक्त एक?" लेक म्हणाली. तिच्या मोबाइलवर कोणी नटी तीन महिन्यांत पूर्वीसारखी झालेली दिसत होती.

डॉक्टर बाईंनी तिला अमेरिकेतले दोन प्रयोग सांगितले, ते मला फार आवडले. १९९४ साली पाजणाऱ्या काही आयांना बारा आठवडे आठवड्यातून पाच दिवस पाऊण तास व्यायाम करायला लावला. दूध कमी झालं नाही, बाळांची वाढही नीट झाली. पण गंमत अशी, की व्यायाम न करणाऱ्या आयांपेक्षा त्यांचं वजन काही जास्त उतरलं नाही, कारण त्या तेवढं जास्त खात होत्या. मग २००० साली दुसऱ्या प्रयोगात वजन जास्त असलेल्या आयांना, बाळ महिन्याचं झाल्यावर, व्यायामाबरोबर खाण्यातही पाचशेची कपात दिली. दहा आठवड्यांत त्या सरासरी पावणेपाच किलोंनी उतरल्या आणि बाळं इतरांच्या बाळांइतकीच वाढली. म्हणजे आठवड्याला अर्धा किलो ही वरची पायरी, तीही वजन बरंच जास्त असेल आणि लक्ष ठेवायला कोणी असेल तर. माझ्या लेकीने त्याच्या निम्म्या चालीने जायचं ठरवलं. व्यायामाने दूध आंबतं, दमून आल्यावर पाजू नये, हे मी ऐकत आले होते; तेही खरं नाही. फक्त चालायला जाण्याआधी बाळाला पाजून जायचं, म्हणजे बाळाची पाळी चुकत नाही आणि छातीही जड राहत नाही.

आता व्यायामाचं. इथे माझी स्वतःची गोष्ट येते, जी मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

तपासणीच्या वेळी फिजिओथेरपिस्ट मुलीने लेकीला उताणं झोपवलं, गुडघे उभे ठेवायला सांगितले, आणि डोकं-खांदे किंचित उचलायला लावून बेंबीच्या वर-खाली बोटं दाबून बघितली. पोटाच्या मधोमध दोन उभे स्नायू असतात. गर्भारपणात ते बाजूला सरकतात. बहुतेकींचे दोनेक महिन्यांत बरेचसे जवळ येतात. हिच्या स्नायूंच्या मधे तीन बोटं बसत होती आणि डोकं उचललं की पोटावर उभा कंगोरा दिसत होता. "हा कंगोरा दिसतो तोवर उठाबशांसारखे पोटाचे व्यायाम नाहीत," ती म्हणाली, "त्याने पोट आत जात नाही, फट तशीच राहते." पट्ट्याबद्दल विचारलं, तर म्हणाली, सुरुवातीला आधार म्हणून सैलसर चालेल, पण पट्ट्याने चरबी जात नाही, करकचून बांधला तर सगळा दाब खाली जातो.

खाली म्हणजे कुठे, हे तिने समजावलं. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते, तिच्यावर मूत्राशय, गर्भाशय टेकलेले असतात. बाळंतपणात ती ताणते. मग तिने विचारलं, "शिंकताना, खोकताना लघवी होते का?" लेक म्हणाली, थोडी.

मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. माझी मान खाली गेली.

१९७६ साली थोरला झाला तेव्हा आईने जुन्या नऊवारीच्या घड्या करून माझं पोट सव्वा महिना आवळून बांधलं होतं. तीन महिन्यांनी शाळेत रुजू झाले. वर्गात शिंक आली की मी फळ्याकडे तोंड करायची. शाळेतल्या माझ्या कपाटात वह्यांच्या मागे एक जादा परकर असायचा. सहलीला, कवायतीला काहीतरी कारण सांगून मागे राहायची. मुलं म्हणत, बाईंना खेळ आवडत नाहीत. मला खेळ फार आवडत. ओट्यावरून उतरताना, बसमध्ये गचका बसताना, हसतानासुद्धा मी जपून वागले. पंचेचाळीस वर्षांहून जास्त. वाटायचं, बाईच्या जातीचं हे असंच.

लेकीला तिने सांगितलेला क्रम असा होता. पहिलं काम त्या झोळीचं: लघवी आणि वायू दोन्ही एकदम रोखल्यासारखं आत-वर ओढायचं, श्वास न कोंडता, जमेल तितके सेकंद, दहापर्यंत, मग पूर्ण सैल सोडायचं. असं दहा वेळा, मग दहा वेळा चटचट. दिवसातून तीनदा. हे तर बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत, दुखत नसेल तर सुरू करता येतं. पाजताना बसल्या जागी होतं. त्याबरोबर श्वास सोडताना पोट हळूच आत घेणं आणि उताणं झोपून टाच सरकवत पाय लांब करणं. चालणं दहा मिनिटांपासून, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत. तिसऱ्या महिन्यात सेतुबंधासन, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून जोर. पळणं आणि उड्या तीन महिन्यांच्या आत नाहीतच. आणि त्यानंतरही अर्धा तास भरभर चालून काही गळत नसेल, खाली जड किंवा ओढल्यासारखं वाटत नसेल, तरच. सिझेरियन झालेलीने प्रत्येक पायरीला डॉक्टरांना विचारून आणखी सावकाश जायचं.

जास्त झालं हे कसं ओळखायचं? कमी झालेलं अंगावरून जाणं पुन्हा लालभडक किंवा जास्त होतं. खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटतं. पोटावर कंगोरा उठतो. असं झालं की एक पायरी मागे यायचं, आणि रक्त जास्त गेलं तर थेट दवाखाना. आणि खाणं फार कमी झालंय का, हे बाळ सांगतं: दिवसात भिजणारी दुपटी सहापेक्षा कमी झाली, वजन रेंगाळलं, की आधी किती वेळा पाजतोय ते मोजायचं, मग आईचं ताट बघायचं.

मी वहीत महिन्याच्या एक तारखेला वजन लिहीत गेले. पोटभर खायला लागल्यावर त्या दोन किलोंतला एक लगेच परत आला, ते बहुतेक पाणीच होतं. तिसऱ्या महिन्याला ६५. चौथ्याला ६४. पाचव्याला ६३.२. सहाव्याला ६२.३. सातव्याला ६२.४! लेक रडकुंडीला आली. पण कारण साधं होतं. ती पुण्याला परत जाऊन कामावर रुजू झाली होती, दिवसभर बसणं; बाळाला वरणभाताची पेज सुरू झाल्याने दूध कमी लागत होतं; आणि अंगच हलकं झाल्याने गरजही उतरली होती. ताट मात्र तेच. अडीचशेची तूट कधी संपली ते कळलंच नाही. तिने उरलेला लाडू बंद केला आणि जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं चालायला लागली. दहाव्या महिन्याला ६०.५. बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला साडेएकोणसाठ. पोटाची फट दीड बोटावर आली. आता आठवड्यातून दोनदा सकाळी पळते. दीड किलो अजून आहे, त्याचं तिला काही वाटेनासं झालंय.

आणि मी? त्या दिवशी लेक कपडे करायला आत गेली तेव्हा मी त्या मुलीला हळूच विचारलं, "या वयात माझं काही होईल का हो?" ती हसली नाही. म्हणाली, "आजी, स्नायूला वय विचारायचं नाही. तीन महिने रोज करा, मग मला सांगा." मलाही तपासलं, तोच व्यायाम दिला. रोज तीनदा करते, एक पाळी सकाळी चहा उकळेपर्यंत होते. पूर्ण बरं झालं असं म्हणणार नाही. पण या दिवाळीत नातवाला कडेवर घेऊन जिना उतरताना मला जोरात शिंक आली, आणि मी तशीच खाली उतरून आले. कोणाला काही कळलं नाही. कळण्यासारखं काही झालंच नव्हतं.

लाडू मी अजून करते. पुतणीच्या वेळीही करीन. फक्त डब्यावर आता चिठ्ठी चिकटवलेली असते: रोज एक, १८०.